ताईंची मुलाखत: माझी कार्डं (गॅदरिंग, शनिवार, ४० मिनिटं)

सुरुवात

"नमस्कार मंडळी! मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, या दोन रांगा पाहुण्यांसाठी ठेवल्या होत्या पण आता कोण येतंय असं वाटत नाही. तर सांगलीच्या बेदाण्याला २०१६ ला जीआय मिळालं, हे निम्म्या लोकांनी एमपीएससीसाठी पाठ केलं असणार. पण तो बेदाणा स्वतः शेडवर राबून, स्वतःच्या पाकिटात भरून विकणारी बाई आज आपल्यासमोर आहे, तासगाव तालुक्यातली. आणि हो, याच कॉलेजची, बीकॉम. या ताई!"

(बसेपर्यंत बोलत राहायचं, कॉलर माइक साडीला लावताना वेळ जातो.)

पहिला प्रश्न

"ताई, पहिल्या सीझनला ज्या रॅकवर माल टाकला त्या कुणाच्या होत्या?"

(दिराच्या, भाड्यानं. फोनवर सांगितलंय, पण त्यांच्याच तोंडून येऊ दे, मी आधीच सांगून टाकतो ही माझी जुनी खोड. उत्तर एका वाक्यात संपलं तर "भाडं किती ठरलं होतं, आणि खरंच दिलंत का?" इथं हशा येईल.)

जोडवाक्य: "म्हणजे घरातल्या घरातसुद्धा हिशोब चोख. आता इथल्या बऱ्याच पोरांनी ती हिरवी नेट लावलेली शेड नुसती एसटीच्या खिडकीतून बघितलीय, त्यांना जरा आत घेऊन जाऊया."

शेड

"माझ्या मामाकडं मी बघितलंय, घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, जाळीवर पसरायचे, पंधरा दिवस वाळवायचे आणि चार किलो द्राक्षातनं कसाबसा एक किलो बेदाणा. बरोबर ना? तर मार्च महिन्यात माल जाळीवर आहे, संध्याकाळी ढग आलेत, वारं सुटलंय. त्या रात्री तुमच्या घरात काय काय चाललेलं असतं?"

(अवकाळीचा किस्सा इथं येईल. सांगून झाल्यावर लगेच बोलायचं नाही, मनात पाच मोजायचे. टाळ्या मागायच्या नाहीत. मग फक्त एवढंच: "त्या काळ्या पडलेल्या मालाचं पुढं काय केलंत?")

वाट्या

(टेबलावर तीन वाट्या: हिरवा, गंधकाच्या धुरीचा पिवळा, आणि एक काळपट. झाकून ठेवायच्या, नाहीतर पहिल्या रांगेतली पोरं संपवतील.)

"ताई, आज या मालाचा सौदा निघाला तर कुठल्या वाटीला काय भाव? हातात घेऊन सांगा, आणि बघता काय तेही सांगा, रंग, आकार की देठ?"

जोडवाक्य: "सौद्याचं निघालंच आहे तर विचारतो, बघायला म्हणून मूठ मूठ माल बाहेर निघतो, खाली सांडतो, तो कुणाच्या खिशातनं जातो? आणि पट्टीचे पैसे हातात यायला किती दिवस? यातलं नेमकं काय खटकलं म्हणून स्वतःचं पाकीट काढलंत?"

(कुणा व्यापाऱ्याचं नाव निघायला लागलं तर हसून "नाव नको ताई, इथंच बसलेले असतील" म्हणायचं.)

पैसे

"कर्जाला पहिल्यांदा बँकेत गेलात तेव्हा साहेब कुणाकडं बघून बोलत होते, तुमच्याकडं की शेजारी बसलेल्या मिस्टरांकडं?"

(माझा सगळ्यात आवडता प्रश्न हाच. घाई करायची नाही.)

"आणि एक जरा अवघड. निवडणीला तुमच्याकडं बायकाच जास्त. त्यांना दिवसाची हजेरी किती देता आणि गड्यांना किती?"

(हा आधी फोनवर विचारून ठेवलाय. "विचार की, लपवायचं काय" म्हणाल्या. तरी आवाज खाली ठेवून विचारायचा, पकडल्यासारखं वाटायला नको.)

"यशाचं रहस्य काय" हे मी विचारणार नाही. सरांनी यादीत टाकलंय, मी खोडलंय. त्यापेक्षा हे: "कुठला निर्णय घेताना घरातलं सगळ्यात जास्त कोण विरोधात होतं, आणि ते आज काय म्हणतात?" सासूबाई आल्या असतील तर त्यांनाच माइक द्यायचा.

पोरांचे प्रश्न

"आता दहा मिनिटं तुमची. भाषण नको, प्रश्न विचारा. आणि 'मला पण बिझनेस करायचाय, कुठला करू' असं विचारणाऱ्याला ताई उद्या सकाळी सहाला शेडवर बोलावणार आहेत, त्यांनी कबूल केलंय."

(कुणीच हात वर केला नाही तर मी: "पहिलं पाकीट ज्यानं विकत घेतलं तो माणूस आठवतो का?")

शेवट

"ताई, थँक्यू. प्राचार्य मॅडम सत्काराला येतायत तोवर या वाट्या पहिल्या रांगेकडं सरकवतो. काळपट आधी खाऊन बघा रे, गोडीला काही कमी नसतो."