विषय: आपला निर्णय मिळाला, त्यामागची कारणे मोकळेपणाने कळावीत, ही विनंती

रबाळे, नवी मुंबई
दिनांक 14 जुलै 2025

आदरणीय कुलकर्णी मॅडम,

सप्रेम नमस्कार.

वर्कशॉपमधल्या मशीन किती वेळ खरोखर काम करतात हे सेन्सरने टिपून मालकांना कळवणाऱ्या आमच्या कंपनीत या फेरीत आपण गुंतवणूक करणार नाही, हे कळवणारी आपली ईमेल गुरुवारी मिळाली. ती वाचून वाईट वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तीन भेटी दिल्यावर आणि आमचे हिशेब स्वतः तपासल्यावर आपण पंधरा दिवसांच्या आत स्पष्ट उत्तर दिलेत, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. ज्यांच्याकडून होकारही येत नाही आणि नकारही येत नाही, अशा ठिकाणी आमचे या वर्षी बरेच महिने गेले आहेत, त्यामुळे वेळेवर मिळालेल्या नकाराचे मोल मला चांगले ठाऊक आहे.

आपला निर्णय बदलावा म्हणून हे पत्र लिहिलेले नाही. निर्णय आपला आहे आणि तो मला मान्य आहे. विनंती एवढीच आहे, की ‘सध्या आमच्यासाठी थोडे लवकर आहे’ या आपल्या वाक्यामागे जी खरी कारणे असतील, ती मला स्पष्ट शब्दांत सांगावीत. ती कडू असली तरी चालतील. किंबहुना मला पुढच्या सहा महिन्यांत कुठे हात घालायचा हे ठरवायचे असल्याने, मला बरे वाटावे म्हणून सौम्य केलेले कारण या घडीला उपयोगाचे नाही.

माझा स्वतःचा अंदाज आधी सांगतो, म्हणजे आपल्याला तो खोडून काढणे सोपे जाईल. नौपाड्यातल्या आपल्या कार्यालयात झालेल्या दुसऱ्या भेटीत आपण विचारले होते, ‘वर्कशॉपचा मालक तिसऱ्या महिन्यानंतरही तुमचे ॲप रोज उघडतो का?’ त्यावर मी 31 वर्कशॉप, 214 मशीन आणि दरमहा सुमारे दीड लाख रुपयांची बिले हे आकडे सांगत राहिलो. आपण विचारले होते वापराबद्दल आणि मी उत्तर दिले विक्रीबद्दल. आपण वहीत काही लिहायला घेतले होते, तो पेन तिथेच थांबला, हे मी पाहिले. घरी परतताना तोच प्रश्न डोक्यात होता आणि त्याचे प्रामाणिक उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हते.

ते आता थोडेफार आहे. आपल्या भेटीनंतर मी आणि माझा सहसंस्थापक आमच्या जुन्या ग्राहकांपैकी अकरा जणांकडे जाऊन दिवसदिवस बसलो. रबाळे एमआयडीसीतल्या एका जॉबवर्क करणाऱ्या वर्कशॉपमध्ये, जिथे चार लेथ आणि दोन व्हीएमसी आहेत, मालक सकाळपासून स्वतः मशीनवर उभे होते. त्यांच्या बोटांना कूलंट लागलेले, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटावर ठेवलेला. त्यांनी दिवसभरात आमचे ॲप एकदाही उघडले नाही. पण संध्याकाळी सहा वाजता आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवतो तो चार ओळींचा गोषवारा त्यांच्या वहिनींनी, ज्या तिथले बिलिंग पाहतात, मोठ्याने वाचून दाखवला. दोन नंबरची व्हीएमसी दुपारी पावणेदोन तास नुसतीच चालू होती, कटिंग नव्हते, हे ऐकल्यावर मालकांनी तिथल्या तिथे सेटरला बोलावून विचारले आणि टूल बदलायला इन्सर्टच नव्हता, हे पुढे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्सर्टची पेटी आली.

अकरापैकी सात ठिकाणी चित्र असेच होते: ॲप बंद, संध्याकाळचा निरोप मात्र न चुकता वाचला जातो. दोन ठिकाणी तोही कुणी वाचत नव्हते, मशीनच्या वायरवर बसवलेला आमचा सेन्सर धूळ खात होता आणि पैसे केवळ सवयीने येत होते. ते ग्राहक येत्या काही महिन्यांत जातील असे मला वाटते. उरलेल्या दोघांनी ॲप खरोखर नियमित वापरलेले दिसले. आम्ही गेले वर्षभर ज्या आलेखांवर मेहनत घेतली, त्यांची गरज फार थोड्यांना आहे आणि ज्या निरोपाला आम्ही जोडकाम समजत होतो, तेच मुख्य काम आहे, हे आपल्या एका प्रश्नामुळे उमगले.

दुसरा मुद्दा थकबाकीचा. आमची येणी 4 लाख 10 हजार रुपयांवर गेली आहेत, म्हणजे जवळपास पावणेतीन महिन्यांच्या बिलांइतकी, आणि हे आपण ताळेबंदात पाहिलेच आहे. आमच्या ग्राहकांचे पैसे वरच्या मोठ्या कंपन्यांकडे नव्वद नव्वद दिवस अडकतात. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यात कमाल 45 दिवसांची मुदत आहे, आयकर कायद्यातल्या कलम 43बी(एच)मुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला त्या वर्षी त्या खर्चाची वजावटही मिळत नाही. तरी पुढचे काम हातचे जाईल या भीतीने लहान मालक तक्रार करत नाही. जो स्वतः अडकला आहे त्याच्यामागे आम्ही वसुलीला कसे लागायचे, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेऊन दर कमी करण्याचा प्रयोग ऑगस्टपासून पाच ग्राहकांसोबत सुरू करत आहोत. आपल्या नकारामागे हा मुद्दा किती वजनाचा होता, हे जाणून घ्यायला मला विशेष आवडेल.

आणि एक प्रश्न, जो विचारायला थोडा संकोच वाटतो. आम्ही दोघेही इंजिनिअर आहोत. विक्रीचा अनुभव असलेले कुणी आमच्या संस्थापकांत नाही. आपल्याला शंका धंद्याबद्दल होती की आम्हा दोघांबद्दल? शंका माझ्याबद्दल असेल, तर तीच सर्वांत आधी सांगावी. मी ती वैयक्तिक घेणार नाही आणि आपण सांगितलेले माझ्यापाशीच राहील.

लिहून कळवणे अवघड वाटत असेल, तर आपल्या सोयीने पंधरा मिनिटांचा फोन पुरेसा आहे. मी फक्त ऐकून टिपून घेईन, प्रत्युत्तर देत बसणार नाही. आपल्या कामाच्या रगाड्यात हेही जमणार नसेल, तर एका ओळीत सर्वांत मोठे कारण कळवलेत तरी माझे काम होईल.

आपली हरकत नसेल, तर दर तिमाहीच्या शेवटी मी आपल्याला एक पानाचे पत्र पाठवीन: किती मशीन, किती ग्राहक टिकले, किती गेले आणि का गेले, येणी किती दिवसांची. त्याला उत्तराची अपेक्षा नसेल. पहिले पत्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येईल आणि ज्या दोन ग्राहकांबद्दल वर लिहिले आहे, त्यांचे काय झाले हेही त्यात असेल.

शेवटच्या भेटीत आपण म्हणाला होतात, की आपल्या वडिलांचे वागळे इस्टेटमध्ये लेथचे वर्कशॉप होते आणि शाळा सुटल्यावर आपण तिथे बसून अभ्यास करत होतात. कधी सवड झाली, तर रबाळ्याच्या त्या वर्कशॉपमध्ये संध्याकाळी सहाच्या सुमारास अवश्य यावे. मालकांना मी आपल्याबद्दल सांगून ठेवले आहे. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने रबाळे गाठणे सोपे आहे, स्टेशनवर मी घ्यायला येईन. गुंतवणुकीचा विषय त्या दिवशी मी काढणार नाही. वहिनी निरोप वाचतात तो आपण एकदा ऐकावा, एवढीच इच्छा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
सचिन