कासवआबांचे खडे

कोयनेच्या खोऱ्यात, दाट जंगलात, एक ओढा होता. ओढ्याच्या मधोमध एक छोटंसं बेट. उन्हाळ्यात कुणीही टणाटण उड्या मारत पलीकडे जावं, पण पावसात ओढ्याला पाणी आलं की बेट अगदी एकटं पडायचं. ना कुणी येणार, ना कुणी जाणार.

तर त्या वर्षी काय झालं, भाद्रपद संपता संपता मोठा पाऊस आला आणि बेटावर पाच जण अडकले. एक अस्वलदादा. एक वानरोबा. एक उदमांजर, त्याला सगळे उदूभाऊ म्हणायचे. एक साळूआजी, म्हणजे साळिंदर बरं का, अंगभर काटेच काटे. आणि पाचवे आपले कासवआबा.

साळूआजीकडे एक छोटा, वाळवलेला भोपळा होता. त्यात होता मध. आणि साधासुधा नाही हं, कारवीचा मध! कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते. सगळा डोंगर जांभळा होतो आणि मधमाश्यांना खाली बसायला म्हणून फुरसत मिळत नाही. आजीला थंडीत खोकला व्हायचा, म्हणून तिनं तो जपून ठेवला होता. वानरोबानं तिला तो भोपळा उंबराच्या अगदी टोकाच्या फांदीला वेलीनं बांधून दिला होता.

अमावास्येची रात्र होती. आजी कंदमुळं उकरायला गेली. पहाटे परत येऊन बघते तर काय? वेल लोंबतेय आणि भोपळा गायब!

“अगं बाई गं! माझा मध!” आजीचे सगळे काटे उभे राहिले.

“अस्वलानंच खाल्ला,” वानरोबा म्हणाला. “मधाचं नाव काढलं तरी लाळ गळते याची.”

“मी?” अस्वलदादा गुरगुरला. “भोपळा कुठे बांधलाय ते तुलाच माहीत. तूच बांधलास!”

उदूभाऊ काहीच बोलले नाहीत. त्यांनी मोठ्ठी जांभई दिली, शेपूट अंगाभोवती गुंडाळली आणि डोळे मिटले.

भांडण इतकं वाढलं की बेडकांनीसुद्धा ओरडणं थांबवलं. तेव्हा चिखलातून कासवआबा आले. आले म्हणजे लगेच नाही आले. एक पाय... दुसरा पाय... तिसरा पाय... चौथा पाय... (अजून येतायत. थांब जरा.) हां, आले.

“चोर कोण ते मला माहीत नाही,” आबा म्हणाले. “पण चोर कोण नाही, ते तर शोधता येईल?”

त्यांनी पाण्याच्या काठाशी खडे मांडले. एक काळा, अस्वलाचा. एक करडा, वानराचा. एक ठिपक्यांचा, उदूभाऊंचा.

“आणि तुमचा?” वानरोबा म्हणाला. “तुम्हीपण बेटावरच होतात की!”

“बरोबर बोललास.” आबांनी आपलाही एक चपटा खडा ठेवला. मग उंबराच्या खोडावर पाय टेकवून चढायला गेले आणि धप्पकन उताणे पडले. चारी पाय हवेत! वानरोबा हसून हसून लोळला. अस्वलदादानं त्यांना सुलटं केलं. “मला चढता येत नाही,” आबा म्हणाले आणि चपटा खडा पाण्यात टाकला.

टुबुक!

आजी चोर नव्हती, हे सांगायला नकोच. स्वतःचा भोपळा स्वतः चोरून ती का रडेल?

मग आबा मान लांब करून वर बघत राहिले. किती वेळ? बगळ्यानं दोन मासे खाल्ले, तितका वेळ. “दादा, वरची ती फांदी बघ. तुझ्या नखाएवढी जाड आहे. तू तिच्यावर पाय ठेवलास तर?”

“कट्ट,” अस्वलदादा खाली मान घालून म्हणाला. त्याला आपल्या वजनाबद्दल बोललेलं आवडत नसे.

“आणि मोडलीय का ती?”

नव्हती मोडली. एक पानसुद्धा सुरकुतलं नव्हतं. आबांनी काळा खडा उचलला.

टुबुक!

“आता उरले दोन,” आजी म्हणाली.

आबा झाडाखाली गेले. तिथे कारवीचं एक झुडूप होतं. त्याच्या पानावर सोनेरी थेंब होता, चिकट, फुगीर, आणि भोवती मुंग्यांची पंगत बसलेली.

“आजी, पाऊस कधी थांबला?”

“मध्यरात्रीनंतर.”

“त्याआधी भोपळा नेला असता, तर हा थेंब पावसानं धुऊन गेला असता. म्हणजे चोरी पाऊस थांबल्यावर झाली. मिट्ट काळोखात.” आबांनी डोळे बारीक केले. “चला, आता काही करायचं नाही. अंधार पडू दे.”

सगळे दिवसभर थांबले. वानरोबाला थांबणं मुळीच जमत नाही, त्यानं तेवढ्यात स्वतःच्या शेपटीचे केस चारदा मोजले.

रात्र झाली. त्या रात्रीही चंद्र नव्हता. पिकलेल्या उंबरांचा घोस आबांनी दिवसाच त्या टोकाच्या फांदीला बांधून घेतला होता. ते म्हणाले, “काढेल त्याची उंबरं.”

वानरोबा टुणकन उडी मारून झाडावर गेला. पण दिवसा वाऱ्यासारखा पळणारा वानरोबा अंधारात चाचपडायला लागला. हात पुढे केला, हाताला पान लागलं. पुन्हा केला, नुसती हवा. पाय सटकला आणि... चप्पाक! चिखलात!

“नाटक करत असेल,” अस्वलदादा कुजबुजला.

“पिकलेली उंबरं समोर असताना?” आबा म्हणाले. “वानर? नाटक?”

यावर कुणाला काही बोलता येईना. वानरोबा खरंच रडवेला झाला होता, आणि ते उंबरांसाठी होतं, पडल्याबद्दल नव्हे. करडा खडा...

टुबुक!

“उदूभाऊ,” आबा हळूच म्हणाले, “तुम्ही नाही जाणार का वर?”

“मला भूक नाही,” उदूभाऊ म्हणाले. पण अंधारात त्यांचे डोळे दोन काजव्यांसारखे चमकत होते, आणि ते सरळ त्या घोसाकडेच बघत होते. “मी काही केलं नाही. कुणी मला पाहिलंय का?”

“नाही,” आबा म्हणाले.

“मग?”

आबांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी फक्त पाण्याकाठी बोट दाखवलं. तिथे एकच खडा होता. ठिपक्यांचा.

बराच वेळ कुणी बोललं नाही. ओढा खळखळत होता. मग उदूभाऊ उठले, आपल्या ढोलीत शिरले आणि दातात वेल धरून भोपळा ओढत बाहेर आले.

“अर्धाच खाल्लाय,” ते पुटपुटले. “वास फार छान येत होता.”

साळूआजीनं भोपळा हलवून बघितला. डुबुक डुबुक. “असू दे. यंदा खोकला अर्धाच करीन,” ती म्हणाली, पण काटे काही खाली घेतले नाहीत.

“भोपळा पुन्हा वर बांधा,” आबा म्हणाले. “आणि राखण उदूभाऊ करतील. नाहीतरी रात्री झाडावर जागं कोण असतं?”

“मी? रोज?”

“पाणी उतरेपर्यंत.”

अस्वलदादा घोरायला लागला. वानरोबा अंग धुऊन आपल्या फांदीवर बसला आणि शेपूट धरून झोपला. आजी कंद शोधायला गेली. आबांनी ठिपक्यांचा खडा पोटाखाली घेतला. मग एक पाय आत, दुसरा पाय आत, तिसरा आत, चौथा आत, आणि शेवटी डोकं आत.

वर उंबरावर दोन काजव्यांसारखे डोळे तेवढे उघडे होते. ते कधी भोपळ्याकडे बघायचे, कधी उंबरांच्या घोसाकडे.

उंबरं खाऊ नका असं मात्र त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.