दुसऱ्या मजल्यावरच्या मंगलताईंसाठी

पाहुण्यांचा अभिप्राय अर्ज, सातारा
मुक्काम: १९ ते २१ सप्टेंबर २०२५, खोली क्र. २०७
विभाग: हाउसकीपिंग, सकाळपाळी
कोणाविषयी: मंगलताई (बिल्ल्यावर एवढंच नाव होतं, आडनाव माहीत नाही. शनिवारी २० तारखेला दुसऱ्या मजल्यावर त्यांची ड्यूटी होती)

खोली, जेवण, रिसेप्शन, तिन्हींना चांगले गुण दिले आहेत. पण एका माणसाचं नाव लिहायला या अर्जात चौकट नाही, म्हणून 'इतर सूचना' या जागेत लिहिते आहे. मजकूर मोठा आहे, पण कृपया सगळा वाचावा.

माझे वडील ७६ वर्षांचे आहेत आणि त्यांना इन्सुलिन लागतं. साताऱ्याहून पुढे कोल्हापूर आणि मग कोकण असा लांबचा प्रवास होता, म्हणून न उघडलेली पेनं आम्ही बरोबर घेतली होती. ती खोलीतल्या छोट्या फ्रीजमध्ये ठेवली होती. शनिवारी कास पठाराची नोंदणी होती, त्यामुळे आम्ही सकाळी लवकर निघालो. निघताना दाराजवळच्या खोबणीतलं कार्ड काढलं, आणि खोलीतल्या दिव्यांबरोबर फ्रीजही बंद झाला.

मंगलताई नेहमीप्रमाणे पाण्याच्या बाटल्या बदलायला आल्या. फ्रीज उघडताच त्यांना पेनं दिसली, वरच्या बर्फाच्या कप्प्याला टेकलेली. पाहुण्यांच्या वस्तूला हात लावायचा नाही हा तुमच्याकडचा नियम त्यांनी पाळला. पेनं जागची हलवली नाहीत. त्यांनी लगेच सुपरवायझरना वर बोलावलं आणि रिसेप्शनवरून आम्हाला फोन करायला लावला. पठारावर रेंज येत-जात होती, तरी फोन लागेपर्यंत त्यांनी प्रयत्न सोडला नाही. आम्ही होकार दिल्यावर सुपरवायझरसमोर पेनं पिशवीत घातली, पिशवीवर खोली क्रमांक लिहिला आणि ती स्वयंपाकघरातल्या सतत चालू असणाऱ्या फ्रीजमध्ये, बर्फापासून दूर ठेवली.

दुपारी आम्ही परतलो तेव्हा त्यांची पाळी संपत आली होती. तरीही त्या थांबल्या आणि वडिलांच्या शेजारी उभं राहून समजावून सांगितलं: "आबा, दोन पेनं बर्फाला चिकटून हुती. एकदा गोठलं की ते औषध गेलं. परत पातळ झालं तरी घ्यायचं न्हाई." घरी सासूबाईंना इन्सुलिन असल्यामुळे त्यांना हे माहीत होतं. आम्ही आमच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही तेच सांगितलं: ती दोन टाकून द्या. गोठून पुन्हा वितळलेलं इन्सुलिन दिसायला पूर्वीसारखंच असू शकतं, पण त्याच्या परिणामाचा भरवसा राहत नाही. साताऱ्यातल्या सप्टेंबरच्या हवेत फ्रीज काही तास बंद राहिला एवढ्यानं औषध बिघडलं नसतं. धोका होता तो त्या बर्फाचा, आणि मंगलताईंनी नेमका तोच ओळखला. वडिलांनी ती पेनं पुढच्या गावी वापरली असती आणि साखर का वाढते आहे हे आम्हाला कळलंही नसतं.

मला हे विशेष वाटतं, कारण बाटल्या बदलून पुढच्या खोलीकडे गेल्या असत्या तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. रोज कितीतरी खोल्या आवरायच्या असताना एका अनोळखी म्हाताऱ्या माणसाच्या औषधासाठी त्यांनी वेळ काढला.

आता माझ्या विनंत्या. हा मजकूर पाळी सुरू होण्याआधीच्या सकाळच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, मराठीतच वाचून दाखवावा. नुसतं 'खोली २०७ ने चांगला अभिप्राय दिला' असं सांगू नये. त्यांनी काय केलं ते सांगावं. एक प्रत त्यांच्या नोंदीत ठेवावी, पगारवाढीच्या वेळी ती उपयोगी पडेल. त्या कंत्राटदारामार्फत कामाला असतील तर एक प्रत त्यांच्याकडेही द्यावी, नाहीतर कौतुक हॉटेलपाशीच थांबतं. आणि फ्रीजमधल्या औषधाची चौकशी केली म्हणून त्यांना कोणी काही विचारलंच, तर पाहुण्यांची परवानगी घेतली होती याला माझा हा लेखी दुजोरा समजावा. फोन लावत राहिलेल्या सुपरवायझरांचेही आभार.

जाता जाता एक सूचना: खोल्यांमधल्या फ्रीजचा प्लग कार्डाच्या वीजजोडणीतून वेगळा करता आला तर पाहावं. औषधं घेऊन येणारे पाहुणे तुमच्याकडे नेहमीच असणार.

रविवारी निघताना मंगलताईंची सुट्टी होती, त्यामुळे त्यांची भेट झाली नाही. मजकूर त्यांना वाचून दाखवला की रिसेप्शनवर नोंदवलेल्या माझ्या क्रमांकावर एक निरोप द्यावा. वडील वाट पाहत आहेत.

खोली २०७ मधील पाहुणी