खुर्चीचा वर्ग, २० मिनिटं: नव्यानं लिहिलेली संहिता

बदलीवर येणाऱ्यासाठी आधी थोडं. जुन्या संहितेत सगळ्या सूचना सुरुवातीच्या दोन मिनिटांत होत्या: गुडघे सांभाळा, श्वास रोखू नका, पाठ सरळ. सहाव्या मिनिटाला गुडघे आत वळायला लागायचे, तेव्हा त्यातलं एकही वाक्य कुणाच्या लक्षात नसायचं. म्हणून आता प्रत्येक सूचना चूक होते त्याच्या नेमकी आधी ठेवली आहे, आणि मोजणीच्या आत बसवली आहे. वर्गातले बहुतेक जण पन्नाशीपुढचे आहेत. बारा खुर्च्या, सगळ्या भिंतीला टेकलेल्या.

गाणी १२० ठोक्यांची. चालताना प्रत्येक ठोक्याला एक पाऊल. बाकी सगळीकडे एक आकडा म्हणजे दोन ठोके, म्हणजे एक सेकंद. कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही.

०:००
नमस्कार मंडळी. खुर्ची हलवून बघा. सरकली तर भिंतीला घट्ट लावा. आज कुणाला चक्कर, छातीत दडपण किंवा नवीन दुखणं आहे का? असेल तर आत्ताच हात वर करा, सगळ्यांसमोर बोलायची गरज नाही, मी जवळ येते. मध्येच काही झालं तर थांबायचं, बसायचं. स्नायू भरून आले तर चालेल. सांध्यात टोचलं तर ती हालचाल तिथेच सोडायची.

०:४०, वॉर्मअप
जागेवर चालू या. पाय, पाय, पाय, पाय. हात सैल. (एक मिनिट. पहिला अर्धा मिनिट काहीच बोलू नकोस, त्यांना ठोका सापडू दे.) आता शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोला. बोलता येतंय? मग वेग बरोबर आहे.

१:४०
पाय थांबवा. खांदे मागे गोल, सावकाश. मागे, दोन, तीन, चार. मान वाकवायची नाही, फक्त खांदे. (३० सेकंद)

२:१०
बाजूला पाऊल, जवळ. उजवीकडे, जवळ, डावीकडे, जवळ. पाऊल घासू नका, उचलून ठेवा. (एक मिनिट)

३:१०
टाच पुढे टेकवा, परत घ्या. उजवी, डावी. तोल जातोय असं वाटलं तर एक हात खुर्चीवर. (५० सेकंद)

४:००, खुर्चीवर स्क्वॉट
खुर्चीकडे पाठ करून उभे राहा. पावलं नितंबांच्या रुंदीइतकी, बोटं किंचित बाहेर. पोटऱ्यांना खुर्चीची कड लागली पाहिजे. मागं बसायला निघाल्यासारखं खाली जायचं, खुर्चीला नुसता स्पर्श करायचा आणि वर यायचं. गुडघे दुखतात त्यांनी निम्मंच खाली जा.

(तीन आकडे खाली, एक थांबा, दोन आकडे वर. थांब्यावर कितवा ते सांग, नाहीतर दोन प्रकारचे आकडे एकमेकांत मिसळतात. तिसऱ्यापासून आकड्यांच्या जागी सूचना येतात. तोवर लय कानात बसलेली असते, मोजणी गेली तरी कुणी चुकत नाही.)

चार, तीन, दोन, आणि
४:३०
खाली, दोन, तीन. पहिला. वर, दोन.
खाली, दोन, तीन. दुसरा. वर, दोन.
गुडघे, बोटांच्या, दिशेने. तिसरा. श्वास सोडत.
टाचा, जमिनीवर, घट्ट. चौथा. वर, दोन.
खाली, दोन, तीन. पाचवा. वर, दोन.
नजर, समोर, ठेवा. सहावा. श्वास सोडत.
चार राहिले, दोन, तीन. सातवा. वर, दोन.
गुडघे, बाहेर, बाहेर. आठवा. वर, दोन.
आदळू, नका, सावकाश. नववा. श्वास सोडत.
शेवटचा, दोन, तीन. थांबा. वर, उभे.

(गुडघा बोटांच्या थोडा पुढे गेला म्हणून कुणाला टोकू नकोस. आत वळला तर मात्र लगेच नाव घेऊन सांग.)

५:३०, विश्रांती, ३० सेकंद
हात सैल. जागेवर हळू चाला, एकदम बसू नका. (१५ सेकंद शांत.) दुसरा सेट आठचा. पहिला जड गेला असेल तर पाचवर थांबा. चार, तीन, दोन, आणि

६:००
(सहाच सेकंदांची लय, आठ वेळा. सूचना दोनच: तिसऱ्याला गुडघे, सहाव्याला श्वास. दमलेल्या माणसाला जास्त शब्द ऐकू येत नाहीत.)

६:४८
छान. पाणी घ्या, भिंतीपाशी या.

७:३०, भिंतीवर पुशअप
भिंतीपासून एक हात अंतर. तळवे छातीच्या उंचीवर, खांद्यांपेक्षा किंचित रुंद. डोक्यापासून टाचांपर्यंत एक फळी. मोज्यांवर असाल तर आत्ताच काढा, पाय घसरतात.

८:००
जवळ, दोन. पहिला. दूर, दोन.
जवळ, दोन. दुसरा. दूर, दोन.
कंबर, सरळ. तिसरा. श्वास सोडत.
(असेच दहापर्यंत. पाचव्याला "खांदे, खाली", आठव्याला "दोनच राहिले".)

८:५०
मनगटं झटका. ३० सेकंद. मनगट दुखत असेल तर दुसऱ्या सेटमध्ये मुठी टेकवा.

९:२०
आठ वेळा, त्याच लयीत. श्वास रोखला की रक्तदाब चढतो, म्हणून ढकलताना तोंडाने फुंकर.

१०:००, एक मिनिट पूर्ण विश्रांती
बसा. पाणी. (गप्पा होऊ दे. हा मिनिट कापून वेळ भरून काढू नकोस, पुढे तोल सांभाळायचा आहे आणि दमलेले पाय डुलतात.)

११:००, तोल
खुर्चीच्या बाजूला उभे राहा, एक हात खुर्चीच्या पाठीवर. डावा पाय इंचभर वर. एका ठिकाणी बघा. पाच सेकंद, दहा, पंधरा, वीस. पाय खाली. दुसरी बाजू. हात नुसता टेकवा, त्यावर भार नको. डोळे मिटायचे नाहीत. (प्रत्येक बाजू दोनदा, मध्ये दहा सेकंद.)

१३:००, मॅटवर
खाली जाताना एक हात खुर्चीवर, एक गुडघा, मग दुसरा, मग कुशीवर. घाई नाही. खाली जायचं नसेल तर खुर्चीवर बसून पायांची बोटं वर उचला, तीच मोजणी.

ब्रिज. पाठीवर, गुडघे दुमडलेले, पावलं जमिनीवर, नितंब वर उचलायचे.
१३:४५
वर, दोन. पहिला. खाली, दोन, तीन.
वर, दोन. दुसरा. खाली, दोन, तीन.
टाचांनी, ढकला. तिसरा. मान, सैल, सोडा.
(दहापर्यंत. पाठ कमानीसारखी वाकली तर "बरगड्या खाली".)

१४:४५
पडून राहा, ३० सेकंद. मी बोलणार नाही.

१५:१५
पुन्हा आठ. शेवटच्याला वर थांबू: तीन, दोन, एक, खाली.

१६:१०, ताण
उजवी मांडी दोन्ही हातांनी मागून धरा, पाय वर. ओढ जाणवली की थांबा, हिसके नकोत. ३० सेकंद. मग डावा.

१७:३०
आता कुशीवर वळा. इथे पाच श्वास. मग हातांवर भार, गुडघ्यावर, खुर्ची धरा, उभे. उभे राहिल्यावरही खुर्ची सोडू नका. झटकन उठलं की रक्त पायांकडे राहतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

(इथे सगळ्यांचे चेहरे बघ. कुणी गप्प झालं असेल तर त्यालाच आधी बसव, गाणं पुढे गेलं तरी चालेल.)

१८:१५
भिंतीवर हात, एक पाय मागे, टाच खाली. पोटरीला ओढ. ३० सेकंद, पाय बदला, पुन्हा ३०.

१९:२५
खांदे सैल. नाकाने श्वास आत, चार. तोंडाने बाहेर, सहा. तीन वेळा. आज खुर्चीला धरायची गरज किती वेळा पडली ते मनात ठेवा, पुढच्या वेळी मला सांगा. खुर्च्या तशाच राहू द्या, मी उचलते.