विशेष मुखत्यारपत्र

आज दिनांक 12 जानेवारी 2026, वार सोमवार, रोजी न्यूयॉर्क मुक्कामी, भारतीय वाणिज्य दूतावासातील अधिकाऱ्यांसमोर.

लिहून घेणार (मुखत्यार): श्री. नितीन दत्तात्रय केळकर, वय 46 वर्षे, धंदा बागायती, राहणार मौजे पावस, तालुका व जिल्हा रत्नागिरी.

यांसी

लिहून देणार: सौ. मीनल सुहास पाटणकर, माहेरच्या मीनल दत्तात्रय केळकर, वय 52 वर्षे, व्यवसाय नोकरी, राष्ट्रीयत्व भारतीय, सध्या राहणार एडिसन, न्यू जर्सी, अमेरिका.

कारणे विशेष मुखत्यारपत्र लिहून देते ऐसे की,

मौजे पावस येथील खाली लिहिलेली मिळकत आमचे वडील कै. दत्तात्रय केळकर यांच्या पश्चात वारसाहक्काने मी, माझी बहीण सौ. वंदना व भाऊ नितीन अशा तिघांच्या नावे सातबारा सदरी दाखल आहे. तीत माझा अविभक्त एकतृतीयांश हिस्सा आहे. मी गेली एकवीस वर्षे परदेशात असून कामासाठी वारंवार येणे मला शक्य नाही. चि. नितीन तेथेच राहून बाग राखतो. त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्याला कोणत्याही कचेरीत अडवणूक होऊ नये आणि आम्हा भावंडांत पुढे कधी शंकेला जागा राहू नये, या दोन्ही कारणांसाठी अधिकार व मर्यादा दोन्ही स्पष्ट लिहीत आहे.

मिळकतीचे वर्णन: (अ) गट नंबर 412, क्षेत्र 1 हेक्टर 24 आर, त्यातील हापूसची कलमे, विहीर, पंप व गडग्यासह. पूर्वेस पाणंद, पश्चिमेस गट नंबर 411, दक्षिणेस व्हाळ, उत्तरेस गट नंबर 413. (ब) याच गटातील चिरेबंदी कौलारू घर, ग्रामपंचायत घर नंबर 187, माडीवरील दोन खोल्यांसह. हे मुखत्यारपत्र या मिळकतीतील माझ्या हिश्श्यापुरतेच आहे.

1. मुखत्यार यांनी माझ्या वतीने शेतसारा, घरपट्टी, पाणीपट्टी व वीजबिल भरावे. ग्राम महसूल अधिकारी, मंडळ अधिकारी, तहसील, भूमि अभिलेख, ग्रामपंचायत व महावितरण यांच्याकडे अर्ज द्यावेत, उतारे घ्यावेत, ई-पीक पाहणीची नोंद करावी, मोजणी मागवून तिला हजर राहावे. फेरफाराची नोटीस आल्यास मुदतीत हरकत नोंदवावी व त्याच दिवशी मला कळवावे.

2. घर, कौले, गडगा, विहीर व पंप यांची दुरुस्ती करून घ्यावी. एका कामात माझ्या हिश्श्याचा खर्च रु. 40,000 पेक्षा जास्त होणार असेल तर आधी माझी लेखी संमती घ्यावी. वादळाने छप्पर उडाले किंवा झाड घरावर पडले, अशा वेळी संमतीसाठी थांबू नये. काम करून आठ दिवसांत फोटो व पावत्या पाठवाव्यात.

3. बाग कराराने देण्याचा अधिकार देते, पण तो एका वेळी एकाच हंगामाचा असेल आणि 15 जूनच्या पुढे जाणार नाही. करार लेखीच करावा. तो फक्त झाडावरील फळ काढण्यापुरता असून जमिनीचा कब्जा, वहिवाट किंवा कूळहक्क मिळत नाही, असे त्यात स्पष्ट नमूद करावे. करारदाराचे नाव सातबाऱ्याच्या पीकपाहणीत लागणार नाही, याची काळजी मुखत्यार यांनी घ्यावी. तोंडी बोलण्यावर दिलेल्या जमिनीला पुढे कूळ लागून घरे कोर्टात गेल्याचे आम्ही वाडीत पाहिले आहे, म्हणून या कलमात कोणतीही सवलत नाही. विहिरीजवळचे वडिलांनी स्वतः बांधलेले कलम करारात द्यायचे नाही. त्याचा आंबा तिन्ही घरांसाठी राहील.

4. माडीवरील खोल्या फक्त लिव्ह अँड लायसन्सने, जास्तीत जास्त 11 महिन्यांसाठी द्याव्यात. त्या करारावर सही करण्याचा व तो दुय्यम निबंधकांसमोर नोंदवून देण्याचा अधिकार देते. नोंदणी केल्याशिवाय किल्ली देऊ नये.

5. अतिक्रमण झाल्यास नोटीस द्यावी, पोलिसांत तक्रार करावी, वकील नेमावा, मनाईहुकमासाठी दावा लावावा. दावा मागे घेणे किंवा तडजोड करणे मात्र माझ्या लेखी संमतीनेच होईल.

6. पुढील गोष्टींचा अधिकार मी दिलेला नाही व तो या मजकुरातून कोणीही गृहीत धरू नये: विक्री, साठेखत, विसार घेणे, बक्षीसपत्र, गहाण, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, विकसन करार, बिनशेतीचा अर्ज, मिळकतीवर कर्ज किंवा जामिनकी, आणि कलमे तोडणे. मुखत्यार स्वतः सहहिस्सेदार आहेत. म्हणून माझा हिस्सा स्वतःच्या, पत्नीच्या किंवा मुलांच्या नावे होईल असा कोणताही दस्त ते माझ्या वतीने करू शकणार नाहीत. दुसरा मुखत्यार नेमण्याचाही अधिकार त्यांना नाही. मुखत्यारपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सुरज लॅम्प प्रकरणात सांगितलेच आहे. तरीही पुढे कोणी हा दस्त दाखवून पैसे मागितले तर देणाऱ्याने ते स्वतःच्या जबाबदारीवर द्यावेत.

7. माझ्या हिश्श्याचे उत्पन्न खर्च वजा जाता माझ्या एनआरओ खात्यात जमा करावे, रोख ठेवू नये. दरवर्षी 30 जूनपर्यंत वहीचा हिशेब पावत्यांसह मला व सौ. वंदना यांना पाठवावा. मुखत्यार यांना मेहनताना नाही. मात्र माझ्या हिश्श्यातील दहा पेट्या आंबा दरवर्षी त्यांनी घरासाठी ठेवावा, अशी माझी इच्छा आहे. तो हिशेबात धरू नये.

8. हे मुखत्यारपत्र 31 मे 2028 पर्यंत चालेल. नवे लिहून दिल्याशिवाय मुदत वाढणार नाही.

9. मी ते कधीही, कारण न देता, पूर्ण किंवा काही कलमांपुरते रद्द करू शकते. हे विनामोबदला दिलेले आहे, मुखत्यार यांचा यात स्वतःचा कोणताही हितसंबंध निर्माण केलेला नाही, म्हणून ते अपरिवर्तनीय नाही. रद्द केल्याची लेखी सूचना मी रजिस्टर पोस्टाने व ईमेलने देईन. दोन्हींपैकी पहिली सूचना मिळताच मुखत्यार यांनी माझ्या वतीने काम थांबवावे. त्रयस्थांना ही बाब कळेपर्यंत त्यांच्या बाबतीत रद्द करणे लागू होत नाही. म्हणून तहसील, दुय्यम निबंधक व ग्रामपंचायत यांना मी वेगळी पत्रे देईन आणि रत्नागिरीत वाचल्या जाणाऱ्या मराठी दैनिकात जाहीर नोटीस देईन. मुखत्यार यांनी सात दिवसांत मूळ दस्त व सर्व प्रती, आणि पंधरा दिवसांत कागदपत्रे व शेवटचा हिशेब सौ. वंदना यांच्याकडे द्यावा. रद्द केल्याची सूचना मिळेपर्यंत प्रामाणिकपणे केलेली कामे मला बंधनकारक राहतील व चालू हंगामाचा बागेचा करार 15 जूनपर्यंत चालेल.

10. आम्हा दोघांपैकी कोणाचाही मृत्यू, मानसिक अक्षमता, माझी दिवाळखोरी, किंवा मुखत्यार सलग सहा महिने रत्नागिरी जिल्ह्याबाहेर राहिल्यास हे आपोआप संपेल. मुखत्यार यांना मोकळे व्हायचे असेल तर तीस दिवसांची लेखी सूचना द्यावी. बागेत आंबा असताना, म्हणजे मार्च ते मे, शक्यतो ती देऊ नये, एवढी विनंती.

11. हा दस्त भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. त्यापूर्वी तो कोठेही वापरू नये.

येणेप्रमाणे हे विशेष मुखत्यारपत्र मी स्वखुशीने, अक्कलहुशारीने, वाचून व समजून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिले असे.

लिहून देणार: (सही) मीनल सुहास पाटणकर

साक्षीदार: (सही) सुहास गजानन पाटणकर, एडिसन
(सही) अनघा विवेक दामले, एडिसन

मुखत्यारपत्रातील अधिकार व मर्यादा मला मान्य आहेत. ताईच्या हिश्श्याचा हिशेब मी वेळेवर देईन. पावस, दिनांक 2 फेब्रुवारी 2026.

मुखत्यार: (सही) नितीन दत्तात्रय केळकर