वर्तनवाद आणि ज्ञानरचनावाद : ज्ञान कसे मिळते? (बी.एड. नमुना उत्तर)

बी.एड. प्रथम वर्ष, सराव परीक्षा, नागपूर
विषय : अध्ययनाचे मानसशास्त्र

प्रश्न ३. अध्ययनार्थी ज्ञान कसे मिळवतो, याविषयीच्या वर्तनवादी आणि ज्ञानरचनावादी दृष्टिकोनांची तुलना करा. छात्रसेवाकालातील अनुभवाचा आधार घेऊन आपले मत मांडा. (गुण १५)

उत्तर :

मुलाने बरोबर उत्तर दिले, तर वर्तनवादी आणि ज्ञानरचनावादी शिक्षक दोघेही समाधानी होतात. त्यांच्यातला फरक उघड होतो तो उत्तर चुकल्यावर. वर्तनवादी शिक्षक चुकीचा प्रतिसाद पुसून त्या जागी योग्य प्रतिसाद पक्का करायला बघतो. ज्ञानरचनावादी शिक्षक आधी थांबतो आणि मूल या उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने आले ते शोधतो. दोन रकान्यांचे कोष्टक काढून हा फरक हाती लागत नाही, म्हणून पुढची तुलना मी याच मुद्द्याभोवती केली आहे.

वर्तनवादी भूमिका

वर्तनवादानुसार अध्ययन म्हणजे अनुभवामुळे वर्तनात झालेला, बाहेरून दिसणारा आणि मोजता येणारा बदल. मनात काय चालते ते दिसत नाही, म्हणून शास्त्राने त्यावर बोलू नये, अशी भूमिका जॉन वॉटसन यांनी १९१३ च्या आपल्या लेखात घेतली. त्याआधी थॉर्नडाइक यांनी कोड्याच्या पेटीत मांजरे कोंडून प्रयोग केले (१८९८). खटका दाबून बाहेर पडायला मांजराला सुरुवातीला बराच वेळ लागे. खेपेगणिक तो वेळ कमी होत गेला. मांजराला युक्ती ‘समजली’ असे थॉर्नडाइक म्हणत नाहीत. समाधान देणारा प्रतिसाद दृढ होतो आणि न देणारा गळून पडतो, हा त्यांचा परिणामाचा नियम.

पावलॉव्ह हे मुळात पचनक्रियेचे अभ्यासक, १९०४ चे नोबेलही त्यांना त्याच कामासाठी मिळाले. अन्न येण्याआधीच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, या निरीक्षणातून अभिजात अभिसंधान पुढे आले. वर्गाच्या दृष्टीने मात्र स्किनर यांचे साधक अभिसंधान जास्त कामाचे आहे. वर्तनानंतर जे मिळते, त्यावर ते वर्तन पुन्हा घडेल की नाही हे ठरते. उत्तरपत्रिकांत वारंवार होणारी एक चूक इथेच दुरुस्त करते : ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे. ‘वर्गातच दहा उदाहरणे बरोबर सोडवलीत, आता गृहपाठ माफ’ असे सांगितले की नकोशी गोष्ट दूर होते आणि उदाहरणे सोडवण्याचे वर्तन वाढते. हे ऋण प्रबलन. शिक्षेने वर्तन कमी होते, प्रबलन धन असो वा ऋण, त्याने वर्तन वाढतेच.

स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले होते. आपले उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नाही आणि सगळ्यांना एकाच चालीने पुढे जावे लागते, हे पाहून ते अस्वस्थ झाले. त्यातूनच त्यांचे अध्यापन यंत्र आणि लहान पायऱ्यांचे क्रमान्वित अध्ययन आले. ही तळमळ मला खरी वाटते. वह्या तपासून आठ दिवसांनी परत आल्या की त्यावरच्या लाल खुणांकडे मुले बघतसुद्धा नाहीत, हे मी स्वतः पाहिले आहे.

वर्गातला अनुभव

छात्रसेवाकालात नागपूरच्या पूर्व भागातील एका शाळेत मी पाचवीला ‘अपूर्णांकांची तुलना’ हा घटक शिकवला. १/८ मोठा की १/४, असे विचारल्यावर एक मुलगा ठामपणे म्हणाला, ‘मॅडम, आठ चारपेक्षा मोठा आहे नं, मंग एक अष्टमांशच मोठा राहीन.’ मी फळ्यावर नियम लिहिला : अंश सारखे असतील तर ज्याचा छेद मोठा, तो अपूर्णांक लहान. वीस उदाहरणांचा सराव घेतला, बरोबर उत्तराला लगेच शाबासकी आणि वहीत तारा दिला. तास संपेपर्यंत बहुतेकांची उत्तरे बरोबर येऊ लागली. पाठ टाचणात मी ‘उद्दिष्ट साध्य’ असे लिहूनही टाकले.

पुढच्या आठवड्यात ३/८ आणि १/४ दिले. जवळजवळ सगळ्या वर्गाने ३/८ लहान ठरवला. ‘छेद मोठा म्हणजे लहान’ एवढेच त्यांच्याकडे उरले होते, ‘अंश सारखे असतील तर’ ही अट गळून गेली होती. वर्तनवादी भाषेत हे उद्दीपकाचे सामान्यीकरण झाले, भेदन झाले नाही. उपायही त्या चौकटीत सांगता येतो : दोन्ही प्रकारची उदाहरणे मिसळून द्या आणि फरक ओळखणाऱ्यालाच प्रबलन द्या. पण मुले अपूर्णांकाला काय समजत होती, या प्रश्नाचे उत्तर त्या भाषेत मिळत नाही, कारण तो प्रश्नच तिथे विचारला जात नाही.

ज्ञानरचनावादी भूमिका

ज्ञानरचनावादानुसार ज्ञान बाहेरून आत ओतले जात नाही. मूल आपल्या पूर्वानुभवावर ते स्वतः रचते. पियाजे (१८९६–१९८०) यांच्या मते नवा अनुभव आला की मूल आधी तो जुन्या बोधरचनेत बसवून पाहते. हे सात्मीकरण. तो बसेना की मनाचा तोल जातो आणि रचनाच बदलावी लागते. हे समायोजन. ‘आठ चारपेक्षा मोठा’ म्हणणाऱ्या मुलाने अपूर्णांक पूर्ण संख्यांच्या रचनेत बसवला होता. त्याचे उत्तर चूक होते, पण त्यामागे तर्क होता. माझ्या नियमाने त्याचे उत्तर बदलले, रचना तशीच राहिली, म्हणून ती ३/८ पाशी पुन्हा वर आली.

दुसऱ्यांदा मी फळ्याकडे वळलेच नाही. विचारले, ‘बाजारात अद्रक पाव घेतली तर जास्त की अर्धा पाव?’ सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, ‘पाव!’ मग पाव म्हणजे १/४ किलो, अर्धा पाव म्हणजे १/८ किलो, असे लिहिले. तो मुलगा बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘म्हणजे एक किलो आठ जणांत वाटला. मंग वाटा लहानच येईन.’ नियम मीही हाच सांगितला होता, पण या वेळी तो त्याच्या तोंडून आणि कारणासकट आला.

३/८ चा गुंता आठवडी बाजारात आईसोबत भाजीच्या दुकानावर बसणाऱ्या मुलीने सोडवला : ‘अर्धा पाव तीनदा तोलला तं पावाच्या वर जाते नं.’ शेजारच्यांनी ते वहीत काढून पाहिले. वायगॉट्स्की (१८९६–१९३४) इथे आठवतात. मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, त्यांमधले अंतर म्हणजे समीपस्थ विकास क्षेत्र. जाणती व्यक्ती शिक्षकच असावी असे नाही. आधार देऊन तो हळूहळू काढून घेण्याच्या पद्धतीचे वर्णन वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये केले. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मराठी मुलाच्या कानावर शाळेत येण्याआधीपासून असतात. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलांनाही पाव आणि आधा पाव परका नाही. एवढे भांडवल हाताशी असताना आपण अपूर्णांकाची सुरुवात अंश-छेदाच्या व्याख्येने करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

भाषेच्या बाबतीत हाच आक्षेप चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये स्किनर यांच्या भाषाविषयक ग्रंथाच्या परीक्षणात घेतला : मुले कधी न ऐकलेली वाक्येही तयार करतात. तीन वर्षांचे मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणते. घरात तसे कोणी बोलत नाही, त्याला शाबासकीही मिळत नाही. त्याने स्वतः नियम शोधून वापरलेला असतो. (चॉम्स्की स्वतः ज्ञानरचनावादी नव्हेत, भाषाक्षमता जन्मजात मानणारे होते, हे भान ठेवून त्यांचा दाखला द्यावा.)

मर्यादा आणि माझे मत

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने मुलाला ज्ञानाचा निर्माता मानले. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्येही कृती आणि शोधातून शिकण्याचा उल्लेख आहे. त्यामुळे आज घोकंपट्टीला नावे ठेवणे सोपे झाले आहे. त्या सुरात मी सूर मिसळणार नाही. अर्ध्या पावाने कल्पना समजली, तरी ३/७ आणि ५/८ ची तुलना करताना छेद समान करावे लागतात, आणि तिथे ‘सात आठे छप्पन्न’ तोंडावर नसलेली मुले अडली. बोटे मोजण्यातच त्यांचे लक्ष संपत होते. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ च्या लेखात नेमके हेच मांडले आहे : कार्यकारी स्मृतीची क्षमता तोकडी असते, त्यामुळे नवशिक्यांना फारशा मार्गदर्शनाविना सोडले तर त्यांची दमछाक होते. पाढे, शुद्धलेखन, वर्गातील शिस्त यांसाठी लहान पायऱ्या, सराव आणि तत्काळ प्रत्याभरण लागतेच. पाढ्यांची लय तर मुलांना आवडतेही.

मात्र ‘दोन्हींचा सुवर्णमध्य’ असे लिहून मोकळे होणे मला पटत नाही. तंत्रे एकत्र नांदू शकतात, ज्ञानाविषयीच्या भूमिका नाही. ज्ञान वर्तनात असते असे मानले, तर माझे पहिल्या तासाचे ‘उद्दिष्ट साध्य’ बरोबर ठरते. ते मुलाच्या समजेच्या रचनेत असते असे मानले, तर ती नोंद खोटी होती. मी ती खोडली.

मूल्यमापनातही हा भेद उतरतो. ‘३/८ ▢ १/४, योग्य चिन्ह लिहा’ हा प्रश्न प्रतिसाद तपासतो, आणि नुसत्या अंदाजाने लिहिलेले चिन्हही तिथे बरोबर येऊ शकते. घटक चाचणीत मी त्याखाली आणखी एक प्रश्न घातला : ‘तुझा मित्र म्हणतो, आठ मोठा म्हणून ३/८ लहान. त्याला कसे समजावशील?’ आधी ‘आठ मोठा’ म्हणणाऱ्या त्या मुलाने एकही नियम लिहिला नाही. त्याने तराजू काढला, एका पारड्यात तीन पुड्या, दुसऱ्यात एक. तीन पुड्यांचे पारडे खाली गेलेले दाखवले आणि प्रत्येक लहान पुडीवर लिहिले : अर्धा पाव.