बालरुग्ण कक्ष: वजनानुसार शिरेतून अँटिबायोटिक देण्याची पद्धत

जिल्ह्याच्या ठिकाणी, धुळ्यातल्या ३० खाटांच्या बालरुग्ण कक्षासाठी. तिन्ही पाळ्यांच्या सिस्टर आणि निवासी डॉक्टर यांनी वापरायची.

वजन

वजन इथे, आपल्या काट्यावर करायचे. आईने सांगितलेले किंवा रेफर चिठ्ठीवरचे वजन डोससाठी चालत नाही. धडगाव-अक्कलकुव्याहून रात्री आलेल्या बाळाच्या चिठ्ठीवर पुष्कळदा अंगणवाडीतले दोन महिन्यांपूर्वीचे वजन असते. बाळ उघडे करा. ओले लंगोट, चांदीची कडी, हाताला बांधलेली पट्टीची फळी काढा. फळी काढता येत नसेल तर तशीच दुसरी फळी वेगळी मोजून वजा करा. ७ किलोच्या बाळात ३०० ग्रॅमची चूक म्हणजे डोसमध्ये ४ टक्क्यांची चूक, आणि ती प्रत्येक डोसला पुन्हा होते.

वजन किलोमध्ये, तारखेसह, केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात. आकडे इंग्रजीच लिहा, कारण व्हायल आणि सिरिंजवर तेच असतात. घाईत काढलेला मराठी १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. ५ मिलिग्रॅमच्या पुढे दशांशचिन्ह आणि शून्य लावू नका, टिंब पुसट झाले की ५ चे ५० होतात. उलट अर्धा लिहिताना टिंबाआधी शून्य हवेच. सूज उतरणाऱ्या कुपोषित बाळाचे वजन रोज करा आणि १० टक्क्यांनी बदलले की डोस नव्याने काढा.

ऑर्डरमध्ये तीन गोष्टी हव्यात: दर किलो किती, एकूण मिलिग्रॅम, किती तासांनी. नुसते "अर्धी व्हायल" लिहिलेली ऑर्डर सिस्टरने परत करावी. मोठ्या मुलात कमाल डोसची मर्यादाही पाहा. मेनिंजायटिसच्या ४२ किलोच्या मुलाला सेफ्ट्रायॅक्सोन दर किलो ५० प्रमाणे २१०० मिलिग्रॅम येतात, पण एका डोसला २ ग्रॅमच्या वर जायचे नाही.

खाट ४: ११ महिने, ७.४ किलो, न्यूमोनिया आणि तीव्र कुपोषण

अँपिसिलिन दर किलो ५० मिलिग्रॅम, दर ६ तासांनी: ५० × ७.४ = ३७० मिलिग्रॅम. ५०० मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये ४.८ मिली डिस्टिल्ड वॉटर घाला. पावडर स्वतः थोडी जागा घेते, म्हणून एकूण ५ मिली होते आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅम येतात. ३.७ मिली काढा, ५ मिनिटांत सावकाश द्या. भराभर ढकलल्यास झटके येऊ शकतात. विरघळवलेले अँपिसिलिन तासाभरात वापरायचे, उरलेले पुढच्या डोसला ठेवायचे नाही. डेक्स्ट्रोजमध्येही मिसळू नका, तिथे ते लवकर निकामी होते.

जेंटामायसिन दर किलो ७.५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा: ५५.५ मिलिग्रॅम. २ मिलीत ८० मिलिग्रॅमची व्हायल, म्हणजे १ मिलीत ४०. हिशेबाने १.३९ मिली येतात, पण २ मिलीच्या सिरिंजवर रेघा ०.१ च्या असतात. म्हणून १.४ मिली, ५६ मिलिग्रॅम. फरक एक टक्काही नाही. ब्युरेट सेटमध्ये नॉर्मल सलाइनने एकूण २० मिली करा आणि ३० मिनिटांत सोडा. मायक्रोड्रिपचे ६० थेंब म्हणजे १ मिली, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब: इथे ४०. ब्युरेट रिकामे झाले तरी डोस संपलेला नसतो, नळीत १५ ते २० मिली औषध उरते. तेवढेच सलाइन त्याच वेगाने सोडा आणि ते दिवसाच्या द्रव हिशेबात धरा.

ही दोन औषधे एका सिरिंजमध्ये किंवा एकाच वेळी एका नळीतून द्यायची नाहीत. पेनिसिलिन गटाची औषधे जेंटामायसिनला निकामी करतात, आणि नळीत डोळ्यांना काहीच दिसत नाही. मधे फ्लश हवाच.

खाट ९: ३ वर्षे, १३ किलो, मेनिंजायटिस

सेफ्ट्रायॅक्सोन दर किलो ५०, दर १२ तासांनी: ६५० मिलिग्रॅम. १ ग्रॅमच्या व्हायलमध्ये ९.६ मिली पाणी, त्यातले ६.५ मिली काढून नॉर्मल सलाइनने २५ मिली करा, ३० मिनिटांत, ५० थेंबांनी. रिंगर लॅक्टेटमध्ये कधीच नाही, त्यातल्या कॅल्शियमशी साका धरतो. २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला कॅल्शियम असलेले सलाइन चालू असेल किंवा लागणार असेल, तर हे औषध वर्ज्य. कावीळ असलेल्या नवजातालाही देऊ नये.

व्हँकोमायसिन दर किलो १५, दर ६ तासांनी: १९५ मिलिग्रॅम. इथे २०० करू, वाढ अडीच टक्क्यांच्या आसपास. ५०० मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये १० मिली पाणी घालून ४ मिली काढा. १ मिलीत ५ मिलिग्रॅमपेक्षा दाट द्यायचे नाही, म्हणून एकूण ४० मिली, किमान एका तासात, ४० थेंबांनी. चेहरा-मान लाल होऊन खाज सुटली तर थांबवा, डॉक्टरांना बोलवा. बहुतेक वेळा वेग जास्त झालेला असतो. ओसरल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करता येते.

राउंडिंग

सिरिंजवर मोजता येईल अशा रेघेपर्यंतच. पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन गटात १० टक्क्यांपर्यंत फरक चालतो. जेंटामायसिन, अमिकासिन, व्हँकोमायसिनमध्ये ५ टक्के ही हद्द. व्हायल वाया जाऊ नये म्हणून डोस वाढवणे हे राउंडिंग नव्हे.

नवजातात राउंडिंग टाळा, लहान सिरिंज घ्या. २.६ किलोच्या बाळाला अमिकासिन दर किलो १५ प्रमाणे ३९ मिलिग्रॅम (दोन डोसांतले अंतर बाळाचे वय आणि गर्भाचे आठवडे पाहून डॉक्टर लिहितील). अमिकासिनच्या १००, २५० आणि ५०० मिलिग्रॅमच्या तिन्ही व्हायल २ मिलीच्याच असतात. १०० ची घेतली तर ०.७८ मिली बरोबर. तेवढेच ५०० च्या व्हायलमधून काढले तर १९५ मिलिग्रॅम, पाचपट, आणि मार मूत्रपिंडावर व कानावर. म्हणून नवजात कपाटात फक्त १०० ची व्हायल ठेवायची. मोजायला १ मिलीची ट्यूबरक्युलिन सिरिंज घ्या. इन्सुलिनची नको, तिच्यावर मिली नसून युनिट असतात. ०.७८ मिली १० मिलीच्या सिरिंजमधल्या सलाइनमध्ये सोडा, पण छोटी सिरिंज पुन्हा आत ओढून धुऊ नका. टोकात अडकलेले जास्तीचे औषध त्यात जाते. एकूण १० मिली, सिरिंज पंपावर एका तासात.

पिपरासिलिन-टाझोबॅक्टममध्ये डोस पिपरासिलिनवर लिहितात, व्हायलवर बेरीज असते: ४.५ ग्रॅममध्ये पिपरासिलिन ४ ग्रॅम. १७ मिली पाणी घातले की सुमारे २० मिली होते, १ मिलीत पिपरासिलिन २००. पूर्ण २० मिली पाणी घातले तर २३ च्या आसपास होते, आणि २० समजून काढलेला डोस कमी पडतो.

वेळ, ऊन आणि वीज

व्हायलच्या कागदावरचे "खोलीच्या तापमानाला" म्हणजे बहुधा २५ अंश. मे महिन्यात आपल्या कक्षात ती खोली नसते. मार्च ते जून मिसळलेले औषध लगेच वापरा. वीज गेली की पंप बॅटरीवर तपासा. बॅटरी गेली तर ब्युरेटवर घ्या, हाताने ढकलून "संपवून टाकू" नका.

एएसटी निगेटिव्ह आल्याने ॲनाफिलॅक्सिसची शक्यता संपत नाही. पहिल्या डोसला खाटेशेजारी ॲड्रेनालिन (१ मिलीत १ मिलिग्रॅम) हवेच: दर किलो ०.०१ मिली, मांडीच्या स्नायूत. खाट ४ साठी ०.०७ मिली, हा आकडा डोसच्या आधीच केसपेपरवर लिहून ठेवा.

हिशेब दोघींनी वेगवेगळा करायचा, एकीने केलेला दुसरीने नुसता वाचायचा नाही. रात्री एकच सिस्टर असेल तर निवासी डॉक्टरांना उठवा. औषधाच्या नोंदीत डोस सुरू झाल्याची आणि फ्लश संपल्याची, दोन्ही वेळा लिहा.